Dr-Cr च्या रकमांना अधिक-वजा चिन्ह देताना शिल्लक हीच कसोटी

प्रश्न : "देवगडला आमचा आंब्याचा व्यवसाय आहे आणि बँकेत कॅश क्रेडिट खाते आहे. स्टेटमेंट एक्सेलमध्ये घेतले की प्रत्येक रकमेपुढे Dr किंवा Cr असते आणि बेरीज शून्य येते. Dr-Cr पुसून टाकले तर सगळ्याच रकमा अधिक होतात. शिल्लकसुद्धा कधी Dr तर कधी Cr. बँकेतले साहेब म्हणतात Dr म्हणजे गेलेले पैसे, आमचे हिशेबनीस म्हणतात Dr म्हणजे आलेले. मग वजा चिन्ह नक्की कोणाला लावायचे?"

उत्तर :

बँकेने दिलेल्या स्टेटमेंटमध्ये Cr ला अधिक आणि Dr ला वजा चिन्ह द्यावे, आणि हा नियम रकमेच्या रकान्याला जसा लावाल तसाच शिल्लकेच्या रकान्यालाही लावावा. इतके उत्तर एका ओळीत देता येते. मात्र शेकडो ओळींच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीचे चिन्ह खरोखर बरोबर पडले आहे की नाही, हे कळण्याची सोय केल्याशिवाय त्या आकड्यांवर कोणताही निष्कर्ष उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही सोय स्टेटमेंटमध्येच असते, कारण प्रत्येक व्यवहारासमोर बँकेने त्या क्षणाची शिल्लक लिहिलेली असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील बागायतदारांचे व नौकामालकांचे हिशेब पाहताना मी चिन्ह बदलण्याचे काम आणि शिल्लकेशी पडताळणीचे काम कधीही वेगळे ठेवत नाही. म्हणून खालील विवेचनात सूत्रांपेक्षा पडताळणीला अधिक जागा दिली आहे.

प्रथम साहेब आणि हिशेबनीस यांच्यातील मतभेदाचा उलगडा करू, कारण दोघेही खरेच बोलत आहेत. स्टेटमेंट ही बँकेच्या वहीतील आपल्या खात्याची नक्कल असते. आपण पैसे भरले की बँक आपले देणे लागते, म्हणून बँक ती रक्कम आपल्या खात्यावर जमा, म्हणजे Cr, दाखवते. आपण पैसे काढले की तेवढे देणे कमी होते आणि ती रक्कम नावे, म्हणजे Dr, पडते. हिशेबनीस जी वही लिहितात ती आपल्या व्यवसायाची असते आणि तिच्यात बँक हे एक खाते असते. पैसे भरले की बँकेकडून आपले येणे वाढते, म्हणून त्या वहीत बँक खाते Dr होते. एकाच व्यवहाराच्या या दोन बाजू आहेत. तेव्हा चिन्ह ठरवण्यापूर्वी हातातील फाइल कोणाच्या वहीतून आली आहे हे पाहावे. बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवलेली असेल तर Cr अधिक, आणि हिशेबनिसांच्या सॉफ्टवेअरमधील बँक खात्याची असेल तर Dr अधिक. असे केल्याने दोन्ही फाइलींत अधिक चिन्हाचा अर्थ एकच उरतो, तो म्हणजे आपल्याकडे आलेले पैसे, आणि पुढे त्या दोन्ही शेजारी ठेवून जुळवता येतात.

कॅश क्रेडिट खात्यात आणखी एक गोष्ट असते, जी साध्या बचत खात्यात सहसा दिसत नाही. तेथे शिल्लक Dr असणे हे रोजचेच असते, कारण आपण मंजूर मर्यादेतील बँकेचे पैसे वापरत असता. आंबा बागायतदाराच्या खात्यात हे हंगामाबरोबर बदलते. फवारणी, रखवालदारांचे पगार, पेट्या आणि मजुरी यांवर खर्च होत असताना खाते खोल Dr मध्ये जाते, वाशीच्या दलालाकडून विक्रीच्या पट्ट्यांचे पैसे येऊ लागले की ते वर सरकते आणि मे महिन्यात कधीतरी Cr मध्ये येते. शिल्लकेचा रकाना असा शून्य ओलांडतो, म्हणून आपल्या प्रकरणात चुकीला दुप्पट वाव आहे. आणि त्याच कारणाने पडताळणीतून दुप्पट माहितीही मिळते.

आपल्यासारख्या खात्याचा छोटा नमुना घेऊ. आकडे समजावण्यासाठी मी रचलेले आहेत. A रकान्यात तारीख, B मध्ये तपशील, C मध्ये रक्कम आणि D मध्ये शिल्लक आहे असे धरू. तपशिलाचा रकाना खाली गाळला आहे.

```
     A        C                D
2    01-04                     3,42,180.00 Dr
3    02-04      60,000.00 Dr   4,02,180.00 Dr
4    05-04      48,500.00 Dr   4,50,680.00 Dr
5    16-04    2,75,000.00 Cr   1,75,680.00 Dr
6    30-04       3,214.00 Dr   1,78,894.00 Dr
7    08-05    3,10,000.00 Cr   1,31,106.00 Cr
8    12-05      22,400.00 Dr   1,08,706.00 Cr
```

दुसरी ओळ आरंभीच्या शिल्लकेची आहे. त्यानंतर मजुरीसाठी काढलेली रोकड, पेट्यांचे पैसे, वाशीच्या दलालाकडून आलेली पट्टीची रक्कम, बँकेचे व्याज, दुसरी पट्टी आणि शेवटी वाहतुकीचे भाडे असे व्यवहार आहेत. येथे Dr-Cr नुसते पुसले तर बेरीज ७,१९,११४ येते. या आकड्याला काहीही अर्थ नाही, कारण त्यात आलेले ५,८५,००० आणि गेलेले १,३४,११४ एकत्र मिसळलेले आहेत.

सूत्र लिहिण्याआधी घरात, म्हणजे सेलमध्ये, खरोखर काय आहे ते तपासावे. एखाद्या रिकाम्या सेलमध्ये `=ISNUMBER(C3)` लिहून पाहा. उत्तर `FALSE` आले तर सेलमध्ये मजकूर आहे आणि Dr ही दोन अक्षरे त्या मजकुराचाच भाग आहेत. `SUM` मजकुराकडे दुर्लक्ष करते, म्हणूनच आपली बेरीज शून्य येते आहे आणि एक्सेल कोणतीही तक्रार करत नाही. उत्तर `TRUE` आले तर गोष्ट निराळी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

मजकूर असेल तर दोन टप्प्यांत काम करावे. पहिल्या टप्प्यात मजकूर स्वच्छ करायचा. बँकेच्या पानावरून किंवा पीडीएफमधून आलेल्या रकमांत आकडा आणि Dr यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते, ती पुष्कळदा नेहमीची स्पेस नसते. ती ओळ न तोडणारी स्पेस असते, तिचा क्रमांक १६० आहे आणि `TRIM` ती काढत नाही. डोळ्यांना काहीच वेगळे दिसत नाही आणि सूत्र मात्र अडते, त्यामुळे माणूस उगाच तासभर चुकीच्या ठिकाणी शोधत राहतो. म्हणून E2 मध्ये पुढील सूत्र लिहावे.

```
=UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(CLEAN(C2),UNICHAR(160),"")," ",""))
```

यात `CLEAN` सेलमध्ये शिरलेला ओळबदल काढते. पीडीएफमध्ये मोठी रक्कम दोन ओळींत तुटली असेल तर याचा उपयोग होतो. त्यानंतर दोन्ही प्रकारच्या स्पेस जातात आणि `UPPER` मुळे Dr, DR, dr हे सर्व एकच होतात. `CHAR(160)` ऐवजी `UNICHAR(160)` वापरण्याचे कारण असे की `CHAR` चा अर्थ संगणकाच्या प्रणालीनुसार बदलू शकतो, तर `UNICHAR` चा बदलत नाही. हेच सूत्र उजवीकडे F2 मध्ये ओढले की ते आपोआप D रकान्यातील शिल्लक स्वच्छ करते.

दुसऱ्या टप्प्यात चिन्ह द्यायचे. G3 मध्ये हे सूत्र लिहावे.

```
=IF(RIGHT(E3,2)="CR",1,IF(RIGHT(E3,2)="DR",-1,NA()))
 *ROUND(VALUE(SUBSTITUTE(LEFT(E3,LEN(E3)-2),",","")),2)
```

शेवटची दोन अक्षरे पाहून १ किंवा -१ ठरते, ती अक्षरे सोडून उरलेल्या भागातील स्वल्पविराम काढले जातात आणि उरलेल्या आकड्याला चिन्हाने गुणले जाते. आपल्याकडील लाखांची मांडणी, म्हणजे ३,४२,१८० सारखे स्वल्पविराम, सर्व संगणक सारख्याच रीतीने वाचतील याची खात्री नसते, म्हणून स्वल्पविराम स्वतः काढून टाकलेले बरे. हेही सूत्र उजवीकडे H3 मध्ये ओढले की चिन्हासह शिल्लक मिळते. दुसऱ्या ओळीत फक्त आरंभीची शिल्लक आहे, तेव्हा H2 मध्ये सूत्र असावे आणि G2 मोकळा सोडावा.

या सूत्रातील `NA()` मी जाणीवपूर्वक ठेवला आहे. Dr नसेल तर Cr च असणार, असे गृहीत धरून लिहिलेली छोटी सूत्रे अनेक ठिकाणी सापडतात आणि ती मला धोक्याची वाटतात. पानाच्या शेवटी छापलेली बेरीज, "B/F" अशी ओढलेल्या शिल्लकेची ओळ, किंवा पीडीएफमधून येताना अक्षरे गळालेली एखादी रक्कम, या सर्वांना ते छोटे सूत्र निमूटपणे अधिक ठरवते. `NA()` असेल तर त्या ओळीत `#N/A` दिसते आणि खालची बेरीजही `#N/A` होते. ही अडचण नाही, ही सूचना आहे. जोवर प्रत्येक `#N/A` कडे पाहून ती ओळ काढायची की दुरुस्त करायची हे आपण ठरवत नाही, तोवर बेरीज मिळूच नये, हेच योग्य आहे. काही बँका Dr. असा पूर्णविरामासह मजकूर देतात, तेथेही `#N/A` येईल. अशा वेळी E च्या सूत्राला बाहेरून आणखी एक `SUBSTITUTE` लावून `"R."` च्या जागी `"R"` करावे. नुसता पूर्णविराम काढू नये, नाहीतर पैशांचा दशांश बिंदूही जाईल आणि रक्कम शंभरपट होईल.

येथे शोधा-आणि-बदला या सोयीबद्दलही सांगितले पाहिजे, कारण बहुतेक जण तिच्याकडेच वळतात. संपूर्ण शीटवर Dr शोधून बदलले तर तपशिलाचा रकानाही बदलतो. यूपीआय व्यवहारांच्या तपशिलात `UPI/DR/` असा मजकूर असतो, डॉक्टरांना दिलेल्या पैशांत Dr असते, आणि एक्सेल सहसा लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही. पुढे व्यवहारांचे वर्गीकरण करताना तोच तपशील लागतो. मूळ रकाने जसेच्या तसे ठेवून शेजारी नवे रकाने तयार करणे हीच पद्धत मी सर्वांना सांगतो.

आता पडताळणी. I3 मध्ये पुढील सूत्र लिहून खाली ओढावे.

```
=ROUND(H2+G3-H3,2)
```

मागील शिल्लक, अधिक या ओळीची चिन्हासह रक्कम, वजा या ओळीची शिल्लक, याचे उत्तर प्रत्येक ओळीत शून्य आले पाहिजे. नमुन्यात तिसऱ्या ओळीत -३,४२,१८० मधून ६०,००० गेले की -४,०२,१८० येतात, आणि बँकेनेही ४,०२,१८० Dr च लिहिले आहे. सातव्या ओळीत -१,७८,८९४ मध्ये ३,१०,००० मिळवले की १,३१,१०६ येतात, म्हणजे खाते Cr मध्ये गेले, आणि बँकही तेच सांगते. शून्य ओलांडतानासुद्धा गणित न अडखळता चालते, हाच चिन्हांचा खरा लाभ आहे. `ROUND` आवश्यक आहे, कारण संगणक दशांश अपूर्णांक आतून किंचित अंदाजे साठवतो आणि त्याशिवाय काही ओळींत शून्याऐवजी अतिसूक्ष्म आकडा दिसू शकतो.

फक्त आरंभीची शिल्लक, सर्व रकमांची बेरीज आणि अखेरची शिल्लक एवढेच जुळवणे पुरेसे नाही का, असे मला विचारले जाते. नमुन्यात -३,४२,१८० अधिक ४,५०,८८६ बरोबर १,०८,७०६ हे जुळतेच. पण दोन ओळींतील चुका एकमेकींना झाकू शकतात, आणि चूक असल्याचे कळले तरी ती कोठे आहे हे एकूण बेरजेवरून कळत नाही. ओळीनिहाय फरक चूक नेमकी कोठे आहे ते दाखवतो आणि बहुतेक वेळा ती कोणत्या जातीची आहे हेही सांगतो. हे वाचायला शिकणे अत्यंत उपयोगाचे आहे, म्हणून जरा सविस्तर पाहू.

समजा चौथ्या ओळीतील ४८,५०० ला चुकून अधिक चिन्ह पडले. तेथे फरक ९७,००० येईल, म्हणजे रकमेच्या बरोबर दुप्पट, आणि बाकी सर्व ओळी शून्य राहतील. एकाच ओळीत दुप्पट फरक दिसला की त्या रकमेचे चिन्ह उलटे आहे असे समजावे.

समजा पान बदलताना व्याजाची सहावी ओळ गळाली. मग पट्टीच्या ओळीत -१,७५,६८० अधिक ३,१०,००० वजा १,३१,१०६ म्हणजे ३,२१४ फरक येईल. फरक समोरच्या रकमेच्या दुप्पट नसेल आणि एकाच ओळीत असेल, तर त्या ओळीच्या आधीचा व्यवहार हरवला आहे असा संशय घ्यावा. फरक अधिक असेल तर हरवलेली रक्कम Dr ची असते आणि वजा असेल तर Cr ची. मूळ पीडीएफमध्ये त्या दोन तारखांच्या मध्ये पाहिले की ती बहुधा सापडते.

समजा रकमेऐवजी शिल्लकेचे चिन्ह एका ठिकाणी चुकले, उदाहरणार्थ १६ एप्रिलची १,७५,६८० ही शिल्लक अधिक धरली गेली. तेव्हा त्या ओळीत -३,५१,३६० आणि लगेच पुढच्या ओळीत ३,५१,३६० असा समान पण विरुद्ध चिन्हांचा फरक येतो. लागोपाठच्या दोन ओळींत अशी जोडी दिसली तर रकमा ठीक आहेत, शिल्लक पाहावी.

आपल्या प्रकरणात सर्वांत जास्त संभवणारी चूक मात्र याहून वेगळी आहे. रकमांना चिन्हे दिली जातात, पण शिल्लकेपुढील Dr-Cr कडे लक्ष न देता ती सर्वत्र अधिकच ठेवली जाते, कारण शिल्लक म्हणजे असलेले पैसे अशी बचत खात्याची सवय मनात असते. तसे झाले तर खाते Dr मध्ये असेपर्यंत जवळजवळ प्रत्येक ओळीत रकमेच्या दुप्पट फरक दिसतो. शून्य ओलांडणाऱ्या ओळीत फरक आधीच्या शिल्लकेच्या दुप्पट असतो, म्हणजे आपल्या नमुन्यात ३,५७,७८८, आणि त्यानंतर खाते Cr मध्ये असेपर्यंत सर्व काही शून्य होते. मेपर्यंत सगळे चुकलेले आणि मेनंतर सगळे बरोबर असे चित्र दिसले तर महिनाभराच्या रकमांची चिन्हे बदलत बसू नये. रकमा बरोबर आहेत, शिल्लकेचा रकाना दुरुस्त करावा.

सर्वच ओळींत फरक असेल आणि त्यात कोणताही मेळ दिसत नसेल तर क्रम तपासावा. काही स्टेटमेंट नवीन व्यवहार वर आणि जुना खाली अशा क्रमाने येतात. त्यांत मागील शिल्लक वरच्या ओळीत नसून खालच्या ओळीत असते, म्हणून सूत्र `=ROUND(H3+G2-H2,2)` असे होते. याच कारणाने पडताळणी संपेपर्यंत फाइल तारखेनुसार वा रकमेनुसार लावून घेऊ नये. एकाच दिवशीचे व्यवहार मागेपुढे झाले तरी शिल्लकेची साखळी तुटते. मी सर्वप्रथम एका रकान्यात १, २, ३ असे अनुक्रमांक घालून ठेवतो, म्हणजे नंतर काहीही केले तरी मूळ क्रमावर परतता येते.

या कसोटीलाही एक मर्यादा आहे. रकमा आणि शिल्लक या दोन्ही रकान्यांत चिन्हे एकदम उलटी लावली, म्हणजे सर्वत्र Dr अधिक आणि Cr वजा धरले, तरी प्रत्येक ओळीत फरक शून्यच येतो. आकडे आपापसांत सुसंगत आहेत एवढेच ही कसोटी सांगते, अधिक म्हणजे आलेले पैसे हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी बाहेरची एक माहीत असलेली गोष्ट लागते. दलालाने पाठवलेली, आपल्याला नक्की आठवणारी एक पट्टीची रक्कम शोधा. ती G रकान्यात अधिक दिसत असेल तर दिशा बरोबर आहे. एक व्यवहार पुरेसा आहे, पण तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कोणती गोष्ट बँकेनुसार आणि फाइलनुसार बदलते, तेही सांगतो. काही ठिकाणी Dr-Cr स्वतंत्र रकान्यात नुसते D किंवा C असे असते. तेथे `RIGHT` ची गरज नाही, त्या रकान्यावरूनच १ आणि -१ ठरवावे. काही ठिकाणी काढलेले आणि भरलेले पैसे दोन वेगळ्या रकान्यांत असतात आणि फक्त शिल्लकेपुढे Dr-Cr असते. तेथे भरलेल्यातून काढलेले वजा करून G मिळवावा. क्रेडिट कार्डच्या स्टेटमेंटमध्ये बहुधा फक्त परताव्यापुढे आणि भरण्यापुढे Cr असते आणि खरेदीपुढे काहीच नसते. अशा फाइलीत अक्षरे नसणे म्हणजे Dr, हे स्टेटमेंट वाचून ठरवून मगच सूत्रात `NA()` च्या जागी -१ घालावे, आणि तेथे शेवटची दोन अक्षरे काढण्याची गरज उरत नाही हेही लक्षात घ्यावे. एखादे सॉफ्टवेअर वजा चिन्ह आणि Dr ही दोन्ही छापते. मग आपल्या सूत्रात वजा गुणिले वजा होऊन शिल्लक अधिक बनते. पडताळणीत ते लगेच उघडे पडते, आणि `VALUE` च्या भोवती `ABS` घातले की प्रश्न मिटतो. शिल्लक नेमकी शून्य असेल तर काही बँका पुढे काहीच लिहीत नाहीत. त्या ओळीतील `#N/A` च्या जागी हाताने शून्य लिहावे.

आता `ISNUMBER` चे उत्तर `TRUE` आले तर काय, याकडे वळतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, विशेषतः टॅलीतून, एक्सेलमध्ये काढलेल्या फाइलींत हे दिसते. सेलमध्ये १,७५,६८० Cr दिसते, पण सेल निवडून वरच्या सूत्रपट्टीत पाहिले तर फक्त `175680` असते. तेथे Cr हा मजकूर नसून आकडा कसा दाखवायचा याची सजावट असते आणि आतील आकडा Dr असो वा Cr, अधिकच असू शकतो. येथे `SUM` शून्य देत नाही, ती चुकीची पण पटण्याजोगी बेरीज देते, म्हणून ही परिस्थिती आपल्या आजच्या अडचणीपेक्षा जास्त घातक आहे. `RIGHT` वापरले तर Cr ऐवजी आकड्याचे शेवटचे दोन अंक हाती येतात आणि आपले सूत्र सर्वत्र `#N/A` दाखवते. उपाय साधा आहे. रकाना पुरेसा रुंद करून सर्व आकडे पूर्ण दिसतील असे करावे, तो रकाना नोटपॅडमध्ये पेस्ट करावा, आणि नव्या शीटवरील रकान्याचे स्वरूप `Text` करून नोटपॅडमधून तेथे परत आणावा. नोटपॅडमध्ये जे दिसते तेच मजकूर म्हणून जाते, त्यामुळे Dr आणि Cr आता सेलच्या आत येतात आणि वरील सूत्रे चालतात. मात्र ही हिशेबनिसांची वही आहे, तेव्हा G च्या सूत्रात `"DR"` ला १ आणि `"CR"` ला -१ अशी अदलाबदल करण्यास विसरू नये. आपल्या कॅश क्रेडिट खात्याची एप्रिलअखेरची शिल्लक बँकेकडे १,७८,८९४ Dr आणि टॅलीत १,७८,८९४ Cr असेल, आणि चिन्हे दिल्यावर दोन्हीकडे ती -१,७८,८९४ झाली पाहिजे.

पडताळणी शून्यावर आली की G आणि H रकाने निवडून केवळ मूल्ये म्हणून नव्या शीटवर पेस्ट करावीत आणि तारीख व तपशील त्यांच्या शेजारी ठेवावेत. मग `SUMIFS` ने महिनावार आलेले आणि गेलेले पैसे वेगळे करता येतात, किंवा पिव्होट टेबल लावता येते. फक्त G मधील प्रत्येक अधिक रक्कम विक्रीचीच आहे असे समजू नये. न वटलेला धनादेश आधी Cr आणि मग Dr दिसतो. फसलेले यूपीआय व्यवहार आधी Dr आणि मग परत Cr होतात. आपल्याच बचत खात्यातून कॅश क्रेडिट खात्यात वळवलेले पैसे तर विक्रीचे मुळीच नसतात. निव्वळ बेरजेत पहिल्या दोन जोड्या आपोआप शून्य होतात, पण केवळ अधिक रकमांची बेरीज घेतली तर या तिन्ही गोष्टी उलाढाल फुगवतात. दोन्ही खात्यांच्या चिन्हांकित ओळी एकाच शीटवर एकाखाली एक ठेवल्या तर असे वळवलेले पैसे एकदा वजा आणि एकदा अधिक असे समोरासमोर येतात. समान रकमेची, विरुद्ध चिन्हांची आणि एक-दोन दिवसांच्या अंतराची जोडी शोधून तिला स्वतंत्र वर्ग द्यावा. मगच एप्रिल-मेच्या पट्ट्यांतून प्रत्यक्ष किती आले आणि त्यातले किती आधीचे Dr फेडण्यात गेले, हे आपल्याला महिन्यागणिक वाचता येईल.